अरे, ओहो, हं : उद्गारांचा अनुवाद

'अरे', 'ओहो', 'छे', 'हुश्श' या शब्दांना मराठी व्याकरणात केवलप्रयोगी अव्यये म्हणतात. वाक्यातल्या कर्त्याशी, कर्माशी किंवा क्रियापदाशी त्यांचे काही नाते नसते. ती वाक्याच्या दारात उभी असतात आणि बोलणाऱ्याच्या मनात काय चालले आहे ते सांगतात. शाळेच्या पुस्तकांत त्यांची हर्षदर्शक, शोकदर्शक, आश्चर्यदर्शक, तिरस्कारदर्शक, संबोधनदर्शक अशी वाटणी केलेली असते. पाठांतराला ती सोयीची आहे, पण अनुवादकाचे तिच्यावर भागत नाही. एकच 'अरे' हाक मारायला, आश्चर्याला, रागवायला, समजूत घालायला आणि विसरलेले काही आठवल्यावरही येतो. 'आलास?' आणि 'अरे, आलास?' या दोन प्रश्नांतली माहिती तंतोतंत सारखी आहे. पहिला प्रश्न वाट पाहत बसलेला माणूसही विचारू शकतो. दुसरा विचारणाऱ्याला मात्र येणारा इतक्यात येईल असे वाटले नव्हते. हा फरक दुसऱ्या भाषेत न्यायचा, तर शब्दाला शब्द शोधण्याआधी तो उद्गार त्या जागी कोणते काम करतो आहे ते ओळखावे लागते.

मराठी 'अरे'ची मुख्य कामे दोन: हाक मारणे आणि प्रतिक्रिया देणे. हाक असेल तर समोरच्या माणसाप्रमाणे शब्द बदलतो. मित्राला 'अरे', बहिणीला 'अगं', शेजारच्या काकांना 'अहो'. म्हणजे ऐकणारा पुरुष आहे की स्त्री, त्याला अरेतुरे करायचे की अहोजाहो, हे त्या दोन अक्षरांतच ठरून जाते. प्रतिक्रिया असेल तर शब्द गोठतो. 'अरे वा', 'अरे बापरे', 'अरेच्चा' हे कुणापुढेही, अगदी एकट्यानेही, तसेच म्हटले जातात. सासऱ्यांनी रांगोळी काढली तर सून 'अरे वा, छान काढलीत की' म्हणते आणि त्यात कुणाचा अवमान होत नाही. 'अगंबाई'ची गोष्ट याहून मजेची आहे. 'अगं' ही हाक ऐकणारी स्त्री आहे हे सांगते, तर 'अगंबाई' हा उद्गार बोलणारी स्त्री आहे हे सांगतो. समोर नवरा असो, पोस्टमन असो वा उतू गेलेले दूध असो, 'अगंबाई' बदलत नाही. 'अय्या' आणि 'इश्श' हेही बोलणारीकडूनच येतात.

यातून अनुवादकाला एक साधी कसोटी मिळते. समोरचा माणूस मनातल्या मनात बदलून पाहावा. उद्गार बदलावासा वाटला तर ती हाक, तसाच राहिला तर प्रतिक्रिया. 'अरे, तुम्ही केव्हा आलात?' हे वाक्य बरोबर आहे, कारण त्यातला 'अरे' आश्चर्याचा आहे. 'अरे, तुम्ही जरा ऐका' हे मात्र कानाला खटकते, कारण तिथे हाक आहे आणि 'तुम्ही'ला 'अहो'च लागतो. मराठी माणूस हा भेद जन्मभर न चुकता पाळतो. तो नियम म्हणून कुणी शिकवत नाही, त्यामुळे अनुवाद करताना मात्र तो हमखास निसटतो.

तो सर्वांत जास्त निसटतो तो हिंदीतून मराठीत येताना. हिंदी आणि मराठी 'अरे' दिसायला एकच आहेत आणि आश्चर्याच्या जागी एकसारखेच वागतात. हाक मारताना मात्र वाटा फुटतात. आजच्या बोलत्या हिंदीत 'अरे' कुणालाही चालतो: 'अरे माँ', 'अरे भाभीजी', 'अरे साहब'. मराठीत त्यांचे 'अगं आई', 'अहो वहिनी', 'अहो साहेब' व्हायला हवे. हिंदीवरून मराठी केलेल्या जाहिरातींत आणि मालिकांत 'अरे आई, ऐक ना' असे वाक्य कानावर येते, तेव्हा बाकीचे सगळे शब्द शुद्ध मराठी असूनही ते वाक्य मराठी घरातले वाटत नाही. 'ओहो'चेही तसेच. हिंदीत तो त्राग्यालाही येतो, 'ओहो, तुम समझते क्यों नहीं?' मराठीत 'ओहो' बहुधा आनंदाच्या आश्चर्याचा किंवा स्वागताचा असतो. अवचित पाहुणे आले की 'ओहोहो, या या!' म्हटले जाते. त्राग्याच्या हिंदी वाक्याला मराठीत 'अगं पण तू समजून का घेत नाहीस?' असेच आणावे लागते. तिथे त्रागा 'पण'मध्ये जाऊन बसतो आणि 'ओहो' नाहीसा होतो. अशा नाहीशा होण्यात नुकसान काहीच नाही.

इंग्रजीचा प्रश्न वेगळा. मराठीतून इंग्रजीत जाताना काय काय घडते ते पाहण्यासाठी एक छोटा प्रसंग घेऊ. सकाळची वेळ आहे, साठीतले एक जोडपे आणि त्यांची मुलगी घरात आहेत.

'अहो, ऐकलंत का? देशमुखांकडे चोरी झाली.'

'हं.'

'अहो, चोरी!'

'अं? कुणाकडे?'

'देशमुखांकडे. च् च् च्... बिचाऱ्या वहिनी.'

'अगंबाई! कधी गं, आई?'

पहिल्या 'अहो'ला इंग्रजीत प्रतिशब्द नाही. इंग्रज बायको नवऱ्याला नावाने हाक मारील, पण ही बाई नवऱ्याचे नाव घेत नाही, आणि तिच्या तोंडी नाव घातले तर तिची पिढीच बदलते. इथे 'अहो' आणि 'ऐकलंत का' मिळून एकच हाक आहे, म्हणून 'डिड यू हिअर?' एवढे पुरते. 'अहो' त्यात विरघळून जातो. 'ऐकलंत'मधला आदर या वाक्यात कुठेच बसत नाही. तो भरून काढायचा तर पुढे कुठे तरी तिच्या वागण्याबोलण्यातून काढावा लागेल.

दुसरा 'अहो' दिसतो तसाच, पण त्याचे काम निराळे आहे. नवऱ्याचे लक्ष नाही म्हणून तो आला आहे आणि त्यात तक्रार आहे. इथे पुन्हा 'डिड यू हिअर?' चालणार नाही. 'आय सेड, अ थेफ्ट!' असे केले तर 'मी काय म्हणतेय' ही चीड 'आय सेड'मध्ये उतरते. एकाच शब्दाचे एकाच पानावर दोन अनुवाद झाले आणि तसेच व्हायला हवे होते. मूळ शब्द जिथे जिथे आला तिथे तिथे एकच प्रतिशब्द हवा, हा शिरस्ता कायद्याच्या कागदपत्रांत योग्य आहे, पण संवादांत तो घातक ठरतो.

नवऱ्याचा 'हं' ही या प्रसंगातली सर्वांत नाजूक जागा आहे. शब्दकोशाप्रमाणे 'हं' म्हणजे होकार. इथे 'येस' लिहिले तर नवऱ्याने बातमी ऐकली असा अर्थ होतो आणि बायकोच्या पुढच्या वाक्याला कारणच उरत नाही. या 'हं'चा अर्थ 'मी पेपर वाचतोय' एवढाच आहे. इंग्रजीतला ओठ मिटून काढलेला 'म्म्' इथे बरोबर बसतो. 'अं?'ला इंग्रजीत 'हं?' असा अगदी जवळचा आवाज आहे, पण साठीतल्या गृहस्थाच्या तोंडी तो थोडा अडाणी वाटेल, म्हणून 'व्हॉट?' बरा. मुलीच्या 'अगंबाई'ला 'ओह नो!' करताना ती मुलगी आहे ही खूण जाते. पण पुढच्या 'गं, आई'मधला 'आई' इंग्रजीतही तसाच ठेवला तर नाते टिकते. 'गं' मात्र सुटतो.

राहिले 'च् च् च्'. जीभ टाळूला लावून ओढून काढलेला हा आवाज इंग्रजी माणूसही काढतो आणि इंग्रजी पुस्तकांत तो 'टट् टट्' असा छापलेला असतो. आवाज तोच आहे म्हणून तोच शब्द घालण्याचा मोह होतो, आणि इथेच अनर्थ होतो. मराठीत हा आवाज तीनदा काढला की ती हळहळ असते. 'मन चुकचुकले' हा वाक्प्रचार त्याच ध्वनीचा. इंग्रजीत 'टट् टट्' प्रामुख्याने नापसंतीचा आहे, मोठ्यांनी लहानांना दटावल्यासारखा. तो इथे ठेवला तर देशमुख वहिनींच्या घरी चोरी झाली हा जणू त्यांचाच निष्काळजीपणा, असा सूर निघतो. 'ओह, द पुअर वुमन' म्हटले की हळहळ आवाजातून शब्दांत जाते आणि अर्थ जागेवर येतो. मराठीतसुद्धा हाच आवाज एकदाच आणि तुटक काढला तर हळहळ जाते आणि वैताग येतो: 'च्! परत लाईट गेली.' म्हणजे तो किती वेळा काढला आहे, हेही अनुवादकाने मोजायला हवे.

आवाज सारखा आणि अर्थ उलटा, याचे याहून धोक्याचे उदाहरण होकार-नकाराचे आहे. इंग्रजीत 'अ-हं' असा दोन तुकड्यांचा, नाकातून येणारा, दुसऱ्या तुकड्यावर वर चढणारा आवाज 'हो' या अर्थी आहे. मराठीत 'अंहं' किंवा 'उंहूं' म्हणजे 'नाही'. इंग्रजी कादंबरीतल्या पात्राने 'तू येशील ना?' या प्रश्नाला 'अ-हं' म्हटले आणि अनुवादकाने ते कानावर विसंबून 'उंहूं' असे लिहिले, की त्या पात्राने चक्क नकार दिला. ही चूक पकडायची तर पुढची दोन वाक्ये वाचावीत. नकार दिल्यावर लगेच तेच पात्र चपला घालून निघत असेल, तर उद्गार उलटा पडला आहे हे नक्की. अशा जागी मराठीत 'हं' किंवा सरळ 'हो' लिहिणे सुरक्षित.

सगळेच आवाज असे दगा देत नाहीत. मार्क डिंगेमान्से, फ्रान्सिस्को टोरेरा आणि निक एनफील्ड या भाषाशास्त्रज्ञांनी 2013 मध्ये जगाच्या वेगवेगळ्या भागांतल्या दहा भाषांमधली रोजची संभाषणे तपासून एक निष्कर्ष मांडला. समोरच्याचे बोलणे नीट ऐकू आले नाही तर ते पुन्हा विचारण्यासाठी काढला जाणारा आवाज या सर्व भाषांत विलक्षण सारखा निघाला: एक छोटा, सैल स्वर आणि त्यावर प्रश्नाचा सूर. संभाषण थांबू न देता, कमीत कमी श्रमात प्रश्न विचारायची गरज सगळीकडे सारखीच असल्याने हा आवाज सगळीकडे एकाच साच्यात आला, असे त्यांचे म्हणणे. त्या दहांत मराठी नव्हती, पण मराठीचा 'अं?' त्या साच्यात चपखल बसतो.

इंग्रजीतून मराठीत येताना अडचण उलटी होते. इंग्रजीचा 'ओह' समोर कोण आहे ते सांगत नाही. मराठीला ते सांगितल्याशिवाय तोंड उघडता येत नाही. 'ओह, तू इथे आहेस हे मी पाहिलंच नाही' अशा अर्थाचे एक साधे इंग्रजी वाक्य घेतले, तर मित्राशी बोलताना ते 'अरे, तू इथे आहेस होय!' होईल, मैत्रिणीशी 'अगं, तू इथे आहेस होय!', सासऱ्यांशी 'अरे! बाबा, तुम्ही इथे आहात होय', आणि गाडीत चुकून धक्का लागलेल्या अनोळखी माणसाशी 'सॉरी हं, लक्षात नाही आलं'. शेवटच्या वाक्यातला 'हं' इंग्रजीत नाहीच. 'येते हं', 'बसा हं', 'रागावू नका हं' यांत वाक्याच्या शेपटीला लागलेला हा 'हं' शब्दांची धार कमी करतो, आणि इंग्रजी वाक्यातली मवाळ छटा मराठीत आणायला तो फार उपयोगी पडतो. ज्या अनुवादकाला 'हं' फक्त होकारापुरता आठवतो, तो ही सोय गमावतो.

'ओह'च्या जागी 'ओ' लिहिण्याची चूक नवशिक्यांकडून वारंवार होते. मराठीत 'ओ' हा उद्गार आहेच, पण त्याची कामे ठरलेली आहेत. 'ओ काका, पत्ता सांगता का?' ही रस्त्यावरची हाक. कुणी हाक मारली की 'ओ' द्यायची, हे घरातले वळण. या दोन्ही जागा सोडून 'ओ, मला हे माहीत नव्हतं' असे छापले की वाचक क्षणभर कुणाला हाक मारली ते शोधत राहतो. कळल्याचा 'ओह' मराठीत 'अच्छा', 'हो का', 'असं होय' यांतला एखादा होतो. दचकल्याचा 'अरे' किंवा 'अगंबाई'. निराश झाल्याचा 'अरेरे'. कोणता घ्यायचा ते पुढच्या वाक्यावरून ठरते, म्हणून अनुभवी अनुवादक उद्गाराची जागा रिकामी ठेवून पुढे जातो आणि परिच्छेद पुरा झाल्यावर ती भरतो.

लांबलचक कादंबरीत याचा एक मोठा परिणाम होतो. समजा, इंग्रजी कथेतले दोघे सहकारी ओळख होऊन पुढे प्रेमात पडतात. इंग्रजीत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच 'यू' आणि एकच 'ओह' चालतो. मराठीत कुठल्या तरी पानावर 'अहो'चा 'अरे' आणि 'अगं' व्हावा लागतो. ती जागा मूळ लेखकाने दिलेली नसते. ती अनुवादकाला शोधावी लागते, आणि मराठी वाचक ती जागा लक्षात ठेवतो, कारण त्याच्या दृष्टीने त्या क्षणी काही तरी घडलेले असते. ती लवकर आली तर जवळीक फुकट मिळाल्यासारखी वाटते. उशिरा आली तर दोघे एकमेकांशी इतके परके का बोलतात असा प्रश्न पडतो. बहुतेक वेळा मूळ कथेत कुठे तरी पहिल्यांदा भांडण होते किंवा पहिल्यांदा आडनाव सुटून नुसते नाव येते. ती जागा सर्वांत निर्धोक. एकदा ठरवली की अगोदरच्या पानांतला एकही 'अरे' आणि नंतरच्या पानांतला एकही 'अहो' चुकून राहिला नाही ना, हे सगळे हस्तलिखित चाळून पाहावे लागते.

हाकेच्या उद्गारात माणसाची पायरी दडवण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. अमरकोशाच्या नाट्यवर्गात 'हण्डे', 'हञ्जे' आणि 'हला' असे तीन शब्द दिले आहेत आणि ते अनुक्रमे हलक्या दर्जाची स्त्री, दासी आणि सखी यांना हाक मारताना वापरावेत असे सांगितले आहे. कालिदासाच्या शाकुंतलात शकुंतला आणि तिच्या सख्या एकमेकींना 'हला' म्हणतात. संस्कृत जाणणाऱ्या प्रेक्षकाला पहिल्या हाकेतच त्या तिघींचे बरोबरीचे नाते कळत असे. 1789 मध्ये विल्यम जोन्स यांनी हे नाटक इंग्रजीत नेले, तेव्हा अशी हाक इंग्रजीत तयार नव्हती. तिथे मैत्रीण, प्रिय अशा अर्थाचे शब्द वापरावे लागतात. मराठीत 'अगं' आहे, पण तो सखीलाही चालतो आणि कामवालीलाही, म्हणून 'हला' आणि 'हञ्जे' दोन्ही 'अगं' झाले तर मूळ भेद पुसतो. 'अगं'च्या जोडीला 'सखे' किंवा 'गडे' आणले की तो काही अंशी परत येतो.

मराठीच्या पोटातही उद्गार एकसारखे नाहीत. घाटावर 'आरं', 'आगं', 'आवं', कोकणात 'गो', विदर्भात 'अबे' आणि 'बाप्पा'. पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरातली 'अगंबाई' आणि गावाकडची 'आगं बया' यांतले आश्चर्य सारखे असले तरी माणसे सारखी नाहीत. परभाषेतल्या पात्राला मराठी बोलायला लावताना ते कुठल्या गावचे, कुठल्या घरचे हे उद्गारांतूनच आधी ऐकू येते, क्रियापदे नंतर.

याचे सर्वांत बोलके उदाहरण इंग्रजी रंगभूमीवरच आहे. बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' नाटकातली एलायझा ही लंडनच्या रस्त्यावर फुले विकणारी मुलगी. घाबरली, दुखावली, चकित झाली की ती एकच विव्हळणारा आवाज काढते. शॉ यांनी तो 'आ-आ-आ-आव्-आव्-आव्-ऊ' अशा धर्तीवर अक्षरांत मांडला आहे. तिच्या बोलीचे उच्चार सुरुवातीला त्यांनी हुबेहूब लिहून पाहिले आणि लंडनबाहेरच्या वाचकाला ते कळणार नाहीत असे सांगून दोन-चार वाक्यांतच सोडून दिले. तो आवाज मात्र त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. कारण नाटकाचा एक सांधा त्यावर आहे. ध्वनिशास्त्राचे प्राध्यापक हिगिन्स पहिल्या अंकात तिच्या याच आवाजाची निर्भर्त्सना करतात. पुढे ते तिला उच्चभ्रू इंग्रजी शिकवतात. पाचव्या अंकात ती म्हणते की आता आपल्याला जुना एकही आवाज काढता येणार नाही. आणि त्याच क्षणी लग्नाच्या पोशाखातला बाप मागून येऊन खांद्याला हात लावतो आणि तिच्या तोंडून तोच आवाज निघतो. हिगिन्स तिची नक्कल करून आपला विजय साजरा करतात. व्याकरण, उच्चार, शब्द सगळे बदलले. उद्गार तेवढा बदलला नाही.

या नाटकाचा पहिला प्रयोगच अनुवादाचा होता. 1913 मध्ये व्हिएन्नात सिगफ्रीड ट्रेबिट्श यांच्या जर्मन अनुवादात ते रंगमंचावर आले आणि लंडनमध्ये मूळ इंग्रजीत ते 1914 मध्ये झाले. मराठीत पु. ल. देशपांडे यांनी 1975 मध्ये त्यावरून 'ती फुलराणी' लिहिले आणि एलायझाची मंजुळा झाली. या आवाजापाशी कोणत्याही भाषेतल्या अनुवादकाला काय काय सांभाळावे लागते, हे मोजून पाहण्यासारखे आहे. उद्गार शब्दासारखा नको, पोटातून आलेला हवा. तो अशा थरातला हवा की सुशिक्षित दिवाणखान्यातली बाई तो कधी काढणार नाही. म्हणून मराठीत 'अगंबाई' चालत नाही, कारण ती दिवाणखान्यातही म्हटली जाते. तो प्राध्यापकाला नक्कल करून दाखवता येईल इतका ठसठशीत हवा. आणि पहिल्या अंकात ऐकलेला आवाज प्रेक्षकाला पाचव्या अंकात ओळखू यायला हवा, म्हणजे मधल्या साऱ्या अंकांत त्याचे रूप एकच ठेवावे लागते. 'आगाऽयाऽयाऽ'सारखा, उघड्या स्वरांचा आणि हवा तेवढा लांबवता येणारा आवाज या चारही अटींत बसू शकतो. आधी ज्या सर्वत्र-एकच-प्रतिशब्द शिरस्त्याला घातक म्हटले, तो इथे मात्र काटेकोर पाळावा लागतो. उद्गार पात्राची ओळखखूण झाला असेल तर तो बदलायचा नाही. नुसती मनःस्थिती सांगत असेल तर जागेप्रमाणे बदलायचा.

बोलताना अडखळून काढलेले 'अं', 'म्हणजे', 'हे आपलं', 'काय ते' हे पूरक आवाज अनेकांना कचरा वाटतात. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री यांनी 2002 मध्ये इंग्रजी संभाषणांचा अभ्यास करून दाखवले की 'अ' आणि 'अम' हे आवाज माणसे आपण थांबणार आहोत हे कळवण्यासाठी वापरतात; 'अ' नंतर थांबणे छोटे असते, 'अम' नंतर मोठे. हा संकेत अनुवादात जपायचा तर इंग्रजीतल्या प्रत्येक आवाजासमोर मराठी आवाज मांडण्याची गरज नाही. मराठी माणूस जिथे खरोखर अडखळेल तिथे अडखळ यायला हवी. इंग्रजी बोलणारा बहुधा वाक्याच्या तोंडाशी 'वेल' म्हणून सावरतो. मराठीत ते काम 'तसं पाहिलं तर', 'म्हणजे', 'हे बघ' करतात आणि प्रत्येकाचा कल वेगळा आहे: 'तसं' आढेवेढे घेतो, 'म्हणजे' खुलासा करायला निघतो, 'हे बघ' बहुधा अप्रिय बोलण्याची तयारी करतो. 'यू नो'चे शब्दशः 'तुला माहितेय' केले की समोरच्याला खरोखर प्रश्न विचारल्यासारखे होते; तिथे 'ना' किंवा 'बरं का' पुरते. 'ती फार चांगली होती ना' यातल्या 'ना'ने तेच साधते.

मराठी कथा इंग्रजीत नेताना काही अनुवादक 'अरे' तसाच रोमन लिपीत ठेवतात. भारतीय वाचकाला तो कळतो आणि संवादाला घरचा वास येतो. पण इंग्रजी पुस्तकांतून रुळलेला हा 'अरे' हिंदीच्या चालीचा आहे, म्हणजे सगळ्यांना एकच. मराठी आजी नातीला 'अगं' म्हणते. इंग्रजी पानावर तिचा 'अरे' झाला तर तिचे मराठीपण राखण्यासाठी ठेवलेल्या शब्दानेच ते जाते. ठेवायचे असेल तर तिघेही ठेवावेत, 'अरे', 'अगं' आणि 'अहो'. दहा-वीस पानांत वाचक त्यांची चाल स्वतःहून ओळखतो. तेवढी तयारी नसेल तर एकही न ठेवणे बरे.

पडद्यावर या सगळ्याला जागेची आणि वेळेची मर्यादा पडते. उपशीर्षके सहसा दोन ओळींहून जास्त नसतात आणि रोमन लिपीत एका ओळीत साधारण चाळीस-बेचाळीस अक्षरे बसतात. त्यामुळे पहिली कात्री उद्गारांवर लागते. ते बहुतेकदा रास्तच असते, कारण आवाज प्रेक्षकाला ऐकू येतो आणि 'अरेरे' म्हणणाऱ्याचा चेहराही दिसतो. पण एक उद्गार कापू नये: ज्याला दुसरे पात्र उत्तर देते तो. मुलगा 'हं' म्हणतो आणि बाप 'हं काय? नीट बोल' म्हणून खेकसतो, तिथे पहिली ओळ गाळली तर बापाचा राग कशावर आहे ते प्रेक्षकाला वाचून कळत नाही. ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांसाठीच्या उपशीर्षकांत तर सुस्कारा, हुंदका, तोंडातल्या तोंडात काढलेला हुंकार हेही लिहावे लागतात, कारण त्यांच्याकडे आवाजाचा आधार नसतो.

डबिंगमध्ये मर्यादा ओठांची असते. चित्रपटाचा संगीत आणि परिणामध्वनींचा पट्टा डबिंगला वेगळा मिळतो. त्यात पात्रांचे आवाज नसतात. म्हणून संवादांबरोबर त्यांचे सुस्कारे, हुंकार, कण्हणेही सहसा नव्याने ध्वनिमुद्रित करावे लागते. जवळून घेतलेल्या दृश्यात नटाचे ओठ मिटलेले असतील तर मराठीत तिथे ओठ मिटून काढलेला 'हं'च बसतो. 'हां', 'अं' किंवा 'अच्छा' यांना तोंड उघडावे लागते आणि ते पडद्यावर लगेच उघडे पडते. उलट नटाने तोंड उघडून 'ओह' म्हटले असेल तर 'अरे', 'अच्छा', 'हो का' यांतला कुठला बसेल ते ओठांच्या गोलाईवरून आणि तो स्वर किती लांबला आहे त्यावरून ठरते. 'हो का'मधला 'ओ' त्या गोलाईला जुळतो, म्हणून अर्थाने 'अच्छा' जास्त जवळचा असतानाही अशा जागी 'हो का' घेणे सोयीचे पडते. पात्र पाठमोरे किंवा दूर असेल तेव्हा मात्र ओठांची अट सुटते आणि तिथे अर्थाला सर्वांत जवळचा उद्गार घेता येतो.